'सोमवारचा हिशोब' कथा वाचली का? मला तर थापा वाटल्या

निवांत_ठाणेकर
काल रात्री वाचली. सगळे वा वा करतायत म्हणून मुद्दाम लिहितोय. नितीन, वय २६, अंधेरीच्या ऑफिसात अकाउंट्सला, हातात पगार ३४ हजार. एप्रिल २०२३ मध्ये आयपीएलवर २०० रुपयांपासून सुरुवात आणि नोव्हेंबरच्या वर्ल्डकप फायनलपर्यंत ६ लाख ४० हजार कर्ज?? आठ महिन्यांत? आणि मग वडील एफडी मोडून ३ लाख देतात आणि पठ्ठ्या उरलेलं चौदा महिन्यांत फेडून मोकळा. चढणं पण खोटं, उतरणं पण खोटं. लेखकाला ना बुकी माहीत ना बँक. तुम्हाला पटलं का खरंच?

लाइनवरचा_जुना
ठाणेकर, तुमचा राग बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय, एरवी मी या विषयावर गप्प असतो. मी साधारण चार वर्षं एका बुकीकडे फोनवर बसायचो, सौदे लिहायला. कुठे कधी ते सांगणार नाही, सोडून आता बरीच वर्षं झाली. तर लेखकाला बुकी माहीत नाही हे विसरा, त्याला नीट माहीत आहे, नाहीतर कथेचं नाव 'सोमवारचा हिशोब' ठेवलंच नसतं.

तुम्ही २०० रुपये धरून बसलात. नितीन २०० रुपये कधी खिशातून काढतच नाही हो! तिथेच सगळी मेख आहे. ऑफिसातला तो कुरियरवाला त्याला बेटिंगच्या साइटचा आयडी देतो, पासवर्ड देतो, आणि त्यात आधीच २० हजाराचं लिमिट टाकलेलं असतं. भरायचं काही नाही. आठवडाभर खेळायचं आणि सोमवारी जे प्लस-मायनस असेल ते द्यायचं घ्यायचं. म्हणजे माणूस पैशाने खेळत नाही, आकड्याने खेळतो. दोनशे, पाचशे, हजार, स्क्रीनवर सगळे सारखेच दिसतात. आमच्याकडे फोनवर सुद्धा नवीन पोरगा पहिले दोन सोमवार जिंकला की आमचा शेठ स्वतःहून लिमिट वाढवायचा आणि जिंकलेले पैसे तासाभरात घरपोच. हरणाऱ्याला कोणी एवढ्या प्रेमाने वागवत नाही कारण तो कुठे जाणार आहे, पण जिंकणारा उठून जाऊ शकतो ना.

आणि तो सेशन खेळतो हे लक्षात घ्या, म्हणजे ठरलेल्या ओव्हरपर्यंत किती रन होतील यावर लावतो. मॅच कोण जिंकणार यावर एका दिवसात एकदाच हरता येतं. सेशनवर सहा ओव्हर, दहा, पंधरा, वीस, दोन्ही डावांचे मिळून आठ वेळा हरता येतं, आणि दर वेळी निकाल अर्ध्या तासात.

खडूस_कारकून
इथे माझा आक्षेप. मी जुगाराच्या बाजूने नाही पण गणिताच्या बाजूने आहे. सेशनचा भाव असतो समजा ४६-४७. नॉट घेतलं तर ४६ च्या आत हवेत, यस घेतलं तर ४७ किंवा वर. पैसे दोन्हीकडे सरळ, जेवढे लावले तेवढेच मिळतात. बरोबर ४६ झाले तर दोघंही हरले, ते बुकीचे. समजा असं शंभरात चार वेळा होतं. म्हणजे खेळणारा ४८ वेळा जिंकणार ५२ वेळा हरणार, शंभर रुपयामागे चार रुपये गेले. आता आयपीएलच्या ७४ मॅच गुणिले ८ सेशन म्हणजे ५९२ सौदे. दर वेळी २०० धरले तर एकूण लावले १ लाख १८ हजार ४००, त्याचे चार टक्के ४,७३६ रुपये. पूर्ण सिझनचा तोटा साडेचार-पाच हजार! माझा चहा-सिगारेटचा खर्च यापेक्षा जास्त आहे. तेव्हा ठाणेकरांचा पहिला मुद्दा मला बरोबर वाटतो, लेखकाने नाट्य हवं म्हणून आकडा फुगवलाय.

लाइनवरचा_जुना
कारकून साहेब गणित एकदम बरोबर, माणूस चुकीचा. तुमच्यासारखा दर वेळी मोजून २०० लावणारा पंटर मी चार वर्षांत एक बघितला, एक पारशी म्हातारा, आणि शेठ त्याला कंटाळला होता.

नितीन काय करतो ते पुन्हा वाचा. हरला की पुढच्याला डबल. का, तर एक जरी लागला तरी मागचं सगळं वसूल. हे प्रत्येकाला वाटतं आणि बहुतेक दिवस तसंच होतं सुद्धा, म्हणूनच तर विश्वास बसतो. मेमध्ये तो हजाराने सुरू करतोय. हजार, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. सहा सेशन सलग हरला की ६३ हजार गेले. तुमचेच ५२ टक्के धरा, सलग सहा हरण्याची शक्यता येते पन्नासात एक. दुर्मिळ वाटतं ना? पण तुम्हीच म्हणालात ५९२ सौदे. मग अशी सहाची माळ एकदा तरी लागणार हे जवळपास लिहून ठेवा. आणि लागली की सातव्याला ६४ हजार लावायला लिमिटच नसतं, म्हणजे वसूल करायची वेळ येते तेव्हाच दार बंद. कथेत ते चेन्नईच्या मॅचला होतं, तो रडतो संडासात जाऊन. मी फोनवर ऐकलंय ते रडणं.

खडूस_कारकून
बरं. डबलिंगचं मी धरलं नव्हतं. कथेत एका ओळीत उरकलंय ते, मला वाटलं एखाद वेळी केलं असेल. पन्नासात एक मी करून बघितलं, येतंय. तरी ६.४० लाख म्हणजे अशा दहा माळा लागतात.

लाइनवरचा_जुना
नाही लागत. बुकीचे जेमतेम १ लाख १० हजार आहेत शेवटी. बाकी कथेत कुठे आहेत तेही दिलंय, वाचा.

मुग्धा_घरची
मी देते आकडे, माझ्यासमोर उघडंच आहे पान. क्रेडिट कार्ड १ लाख ६०, मोबाईलवरच्या दोन कर्जांचे ९० हजार, बँकेचं पर्सनल लोन २ लाख, ऑफिसच्या पतसंस्थेचं ८० हजार, बुकी १ लाख १०. बेरीज ६ लाख ४०. यात हरलेले किती आणि व्याज किती हे लेखकाने सांगितलं नाहीये आणि ते बरोबरच आहे कारण त्यालाही माहीत नसतं. माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं.

सोमवारी बुकीला द्यायला कार्डावरून पैसे काढायचे. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, महिन्याला साडेतीन टक्के धरा. १ लाख ६० हजारावर ५,६०० व्याज, त्या व्याजावर जीएसटी १८ टक्के म्हणजे आणखी १,००८. आणि कार्डवाले म्हणतात कमीतकमी ८ हजार भरा. मग ८ हजारातले मुद्दलात किती गेले? चौदाशे सुद्धा नाहीत. ३४ हजार पगारातले ८ हजार भरून माणूस तिथेच उभा. आणि ते ८ हजार भरायला मोबाईलवरचं कर्ज. आणि ते फेडायला पतसंस्था. ठाणेकर, तुम्हाला आठ महिने कमी वाटले. आमच्याकडे पाच लागले.

निवांत_ठाणेकर
ताई तुमच्या घरचं ऐकून वाईट वाटलं, टोमणा नव्हता माझा. चढण्याचं मी मागे घेतो, लेखक जिंकला. पण चौदा महिने? ३४ गुणिले १४ म्हणजे सगळाच्या सगळा पगार धरला तरी ४ लाख ७६ होतात. माणूस जेवला नाही तरी ६.४० फिटत नाहीत. वडिलांचे तीन लाख वजा केले तर ३.४० राहतात, महिन्याला २४ हजार वर, व्याज सोडून. लोकलचा पास, डबा, मोबाईल काही नको का?

कट्ट्यावरचा_पक्या
काय ते व्याज नि बेरजा घेऊन बसलात. फायनल फिक्स होती हे कोणी बोलणार का नाही?? ऑस्ट्रेलिया ४७ ला ३ आणि मग अचानक एकही विकेट नाही १९२ रनची पार्टनरशिप??? तिथे सगळ्या देशाचा पैसा इंडियावर होता. नितीनने पण तिथेच लावले ना.

लाइनवरचा_जुना
पक्या, हरल्यावर सगळ्याच मॅच फिक्स असतात. हेड १३७ मारून गेला, लाबुशेन एका बाजूला गाडून उभा राहिला, रात्री दव पडलं, संपलं. पण तू म्हणतोस ती जागा कथेत खरंच भारी आहे. ४७ ला ३ झाल्यावर कथेत इंडियाचा भाव ३० पैसे आहे. नितीनला सोमवारी द्यायला ३० हजार कमी पडतायत. म्हणून तो एक पेटी लावतो. लाख रुपये, तीस हजार कमवायला! जिंकला तर सोमवार निघेल, हरला तर पूर्ण पेटी गेली. हे बाहेरच्याला वेडेपणा वाटतो, पण रविवारी रात्री पंटरला फक्त सोमवार दिसतो. आमच्याकडे रविवारी सगळ्यात मोठे सौदे यायचे, ते याच लोकांचे.

कट्ट्यावरचा_पक्या
हो पण फिक्स होतीच.

जर्सीतला_जोशी
इथे न्यू जर्सीत सगळं कायदेशीर आहे, २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर उघड जाहिराती. पण माणूस स्वतःचं नाव बंदीच्या यादीत टाकून घेऊ शकतो, मग परवाना असलेलं कुठलंही ॲप त्याला घेत नाही. आपल्याकडे बंदी घालून काय मिळवलं? व्हॉट्सॲपवरच्या आयडीला कुठली यादी? कायदेशीर करा, टॅक्स घ्या, मोकळे व्हा.

मुग्धा_घरची
जोशी, तुमच्याकडे यादीत नाव टाकणारा आधी शुद्धीवर यावा लागतो. आणि परवाना नसलेली ॲप तुमच्याकडे पण आहेतच की. पण आयडीला यादी नाही हे खरं आहे, एवढं मानते. माझ्या नवऱ्याने तीनदा ब्लॉक केला तो नंबर, चौथ्यांदा नवीन नंबरवरून "भाई आयपीएल ऑफर" आलंच.

सोन्या_११
मी फक्त ४९ रुपयेवाली टीम लावायचो कॅप्टन-व्हाईस कॅप्टन निवडून, ते पण याच्यातच धरता का? ते तर कौशल्य होतं ना? ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैसेवाले कॉन्टेस्ट बंदच झाले, आता काय फेडायचं आम्ही?

खडूस_कारकून
सोन्या, तुला कोणी काही फेडायला सांगितलं नाहीये.

जामीन_राहिलेला
सगळे नितीनचं दुःख सांगतायत. कथेत एक ओळ आहे, "पतसंस्थेच्या कर्जाला सावंत आणि मोरे जामीन राहिले." बस. पुढे त्या दोघांचं काय झालं, लेखकाला पडलेली नाही. मी तो सावंत आहे समजा.

माझ्या टेबलाशेजारी बसणारा पोरगा. बहिणीचं लग्न म्हणून सांगितलं. फॉर्मवर सही करायला मी पेन पण माझंच दिलं. सहा महिन्यांनी पोरगा नोकरी सोडून गायब, फोन बंद. एक दिवस पगाराची स्लिप बघतो तर ३,६०० कपात. पतसंस्थेत विचारलं तर म्हणाले जामीनदार म्हणून तुमच्याकडून आणि दुसऱ्याकडून अर्धे अर्धे. माझ्या पगारातून बावीस महिने कापले. बावीस! ७९,२०० रुपये. बायकोला मी कुठल्या तोंडाने सांगायचं की मी जुगार न खेळताच हरलो. पोराच्या दहावीचा क्लास बदलला त्या वर्षी, साध्या क्लासला घातलं.

आणि इथे त्याला सुटका म्हणतात. त्याची सुटका माझ्या स्लिपमधून झाली.

निवांत_ठाणेकर
हा मुद्दा मला सुचायला हवा होता. लेखकाने खरंच गिळलंय हे.

मुग्धा_घरची
जामीन भाऊ, तुमचं चुकलं नाही काहीच. पण एक विचारते, रागावू नका. तुम्ही सही करताना लग्नपत्रिका बघितली होती का? मी नवऱ्याच्या दोन सहकाऱ्यांना नंतर भेटायला गेले तेव्हा दोघंही म्हणाले, वहिनी आम्हाला संशय होता पण नाही कसं म्हणायचं. तो संशय एक फोन करून मला कळवला असता तर मी चार महिने आधी शहाणी झाले असते.

जामीन_राहिलेला
वा. म्हणजे आता चूक माझीच. तुमचा नवरा जुगार खेळणार आणि आम्ही पत्रिका तपासत बसायचं. ऑफिसात माणूस शेजारी बसतो, एका डब्यात जेवतो, त्याच्याकडे पुरावा मागायचा? तुम्ही त्या दोघांचे पैसे परत केलेत का आधी ते सांगा.

मुग्धा_घरची
केले. सगळ्यात आधी त्यांचेच केले, बँकेच्याही आधी. माझी पाटली गेली त्यात. अजून काही विचारायचंय?

जामीन_राहिलेला
नाही. ते बरोबर केलंत. आमच्याकडे कोणी पाटली घेऊन आलं नाही म्हणून बोललो.

वकिली_पाटी
दोघांनी जरा पाणी प्या. जामीन, तुम्ही पैसे भरलेत म्हणजे ते मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला कायद्यानेच मिळतो, करार कायद्याचं कलम १४५ बघा, वेगळा कागद लागत नाही. लोक इथेच सोडून देतात. संस्थेला फक्त एवढंच हवं असतं की कोणाच्या तरी पगारातून येतंय, मूळ माणसाला शोधायची त्यांना गरजच पडत नाही.

आणि कथेत मला खटकलं ते वेगळंच. वडील एफडी मोडून पहिला कोणाला देतात तर बुकीला. ज्याचं कर्ज कोर्टात उभंच राहत नाही त्याला! पैजेचा करार रद्दबातल, कलम ३०. आपल्याकडे तर १८६५ चा जुना मुंबईचा कायदा आहे, त्यात पैजेचे पैसे चुकते करायला म्हणून जाणूनबुजून दिलेलं उसनं सुद्धा वसूल होत नाही. देशात बहुतेक ठिकाणी तसं नाही. तर बुकी शून्य देणं, बँक पूर्ण देणं, हा कायदा. वडिलांनी बरोबर उलटं केलं.

लाइनवरचा_जुना
वकील साहेब कायदा तुमचा बरोबर पण बुकी कोर्टात जातोय कशाला? लाख-दीड लाखासाठी कोणी गुंड बिंड पाठवत नाही, तो सिनेमा झाला. तो फक्त एक माणूस तुमच्या ऑफिसच्या गेटवर चहा प्यायला उभा करतो. किंवा वडिलांना फोन, एकदम अदबीने, "काका, नितीनकडून थोडा हिशोब राहिलाय." वडील तिथेच संपतात.

पण वडिलांना जे माहीत नव्हतं ते सांगतो. १ लाख १० हजार पूर्ण देण्याची गरजच नव्हती. बुकीचं काय गेलंय? तो आकडा आहे नुसता, त्याने काही बँकेतून काढून दिले नव्हते. ४० हजारात, कधी ३० हजारात सुद्धा तुटतं, तो आनंदाने तोडतो. आणि तोडल्यावर काय करतो हे कथेत बरोबर पकडलंय. पहिल्यांदा जूनमध्ये वडिलांनी ९० हजार भरले, नितीनचा हिशोब क्लिअर झाला, आणि त्याच आठवड्यात आयडी परत चालू, लिमिट ५० हजार. कारण आता बुकीला पक्कं कळलं की याच्या मागे देणारा बाप आहे. बापाने पैसे भरले म्हणजे पोराची पत वाढली.

निवांत_ठाणेकर
हेच तर मी म्हणत होतो!! वडिलांनी भरलं ही शिकवणच चुकीची. माझ्या साडूने असंच तीनदा भरलं मेहुण्याचं. भरू नका, पडू दे तोंडावर.

मुग्धा_घरची
पडू दे म्हणणं सोपं आहे. तोंडावर पडताना तो एकटा पडत नाही, घरभाडं पडतं, पोराची फी पडते. प्रश्न भरायचं का नाही हा नाहीच, कशावर भरायचं आणि काय घेऊन भरायचं हा आहे. जूनमध्ये वडिलांनी विचारलं "किती?" आणि नितीन म्हणाला "नव्वद". ते खोटं होतं, कार्डाचे आणि मोबाईलच्या कर्जाचे त्याने सांगितलेच नाहीत. लाज वाटते म्हणून अर्धं सांगतात. मग उरलेलं अर्धं गुपचूप फेडायला पैसे कुठून आणणार, पगार तर आता वडिलांच्या नजरेत. एकच जागा उरते, परत मॅच. ज्यांना वाटतं की तो मजा म्हणून परत गेला, त्यांनी हे लक्षात घ्या, तो लपवलेलं फेडायला गेला.

आमच्याकडे मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला यादी करून घेतली. सात नावं निघाली. सही केली त्याने खाली, आईची शप्पथ वगैरे. मला कोणीतरी सांगितलं म्हणून सिबिलचा रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात आठवं निघालं, १८ हजाराचं गोल्ड लोन, माझ्याच अंगठीवर. मी ती अंगठी लॉकरमध्ये आहे समजून होते. त्या दिवशी जेवढं भांडण झालं तेवढं साडेपाच लाखांवर झालं नव्हतं. बुकी आणि मित्रांचे रिपोर्टमध्ये दिसत नाहीत, ते विचारूनच कळतात, पण बँका आणि मोबाईलवाले बहुतेक दिसतात.

खडूस_कारकून
आणि चौदा महिने? तो हिशोब राहिला. मी बसलो होतो दुपारी, काम नव्हतं. वडिलांचे ३ लाख आणि बुकी १.१० पूर्ण दिले तर उरले १.९० त्यातून कार्ड १.६० संपलं, मोबाईलच्या कर्जात ३० हजार. मग शिल्लक मोबाईलचे ६०, बँक २ लाख, पतसंस्था ८०. ३.४० लाख, पण आता साडेतीन टक्केवालं कार्ड गेलंय. चौदा महिन्यांत तरीही महिना साडेसव्वीस-सत्तावीस पडतील व्याजासकट. कथेत तो शनिवार-रविवार दुसऱ्याचे जीएसटी रिटर्न भरतो असं आहे, त्यात आठ-नऊ हजार आले तर जमेल, डोंबिवलीत आई-बापाच्या घरात राहून. ओढूनताणून जमतं. मी असतो तर तीन वर्षं लिहिली असती.

वडिलांकडे पैसे नसते तर? तेही करून बघितलं. फक्त कार्डाचे १.६० लाख समजा १६ टक्के वर्षाच्या पर्सनल लोनवर फिरवले, ३६ महिने, तर हप्ता ५,६२५ च्या आसपास. म्हणजे कार्डाचं नुसतं व्याज जेवढं होतं तेवढ्याच पैशात कर्ज तीन वर्षांत संपतं. फक्त सिबिल बिघडलेल्याला १६ ने देणार कोण हा प्रश्न आहे.

मुग्धा_घरची
कोणी दिलं नाही. म्हणून पाटली. आणि एक बँक म्हणाली ७० टक्क्यांत सेटल करा, आम्हाला वाटलं सुटलो. रिपोर्टवर "सेटल्ड" आलं. पूर्ण भरलं तर "क्लोज्ड" येतं. त्या एका शब्दामुळे पुढे घराच्या कर्जाला तीन ठिकाणी नकार. परवडत असेल तर पूर्ण भरा, नसेल तर करा सेटल, पण कळून करा.

निवांत_ठाणेकर
बरं बाबांनो, चौदा महिने अशक्य नाही, फक्त अवघड, हे लिहून देतो. खुश? पण शेवट तरी सिनेमाछाप आहे हे माना. लोकलमध्ये कोणीतरी विचारतं "स्कोर काय झाला" आणि नितीन म्हणतो "माहीत नाही". टाळ्या.

मुग्धा_घरची
तोच शेवट सगळ्यात खरा आहे हो. माझा नवरा पाच वर्षं झाली क्रिकेट बघत नाही. सोसायटीत मुलगा बॉक्स क्रिकेट खेळतो तिथेही हा खाली उतरत नाही. पगार माझ्या खात्यात, त्याच्या फोनवर पैसे पाठवायचं ॲप नाही, खिशात रोज दोनशे. पहिल्या वर्षी एकदा घसरला, दोन हजार, स्वतःहून सांगितलं, तेव्हा मला कळलं हा सुटतोय. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जायचो, रांगेत दारूवाले असायचे, हा म्हणायचा मी इथे कसा. डॉक्टर म्हणाले वास येत नाही एवढाच फरक. रात्री अपरात्री अस्वस्थ झाला की १४४१६ लावायचा, टेलिमानस. लोकलमध्ये स्कोर विचारला की तो उतरून डबा बदलायचा. कथेतला तरी बसून राहिला.

कट्ट्यावरचा_पक्या
वहिनी तुमच्या नवऱ्याने फायनलला लावले होते का? नाही म्हणजे ती फिक्स होती म्हणून विचारलं

लाइनवरचा_जुना
पक्या गप.

वकिली_पाटी
@जामीन_राहिलेला, तुमचं राहून गेलं. शेवटची कपात कधी झाली?

जामीन_राहिलेला
डिसेंबर २०२३ च्या पगारात.

वकिली_पाटी
मग घाई करा. भरलेल्या दिवसापासून तीन वर्षं मिळतात आणि प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी चालते. शेवटच्याला डिसेंबर २०२६ पर्यंत वेळ, आधीचे एकेक करून बाद होत चाललेत. सगळ्या पगाराच्या स्लिपा आणि पतसंस्थेचा उतारा काढा, आधी नोटीस पाठवू. त्याचा पत्ता आहे का?

जामीन_राहिलेला
आहे. पुण्यात असतो आता, सुधारलाय म्हणतात. मागच्या महिन्यात त्याच्या मुलीच्या बारशाला बोलावलं होतं.

वकिली_पाटी
आणि?

जामीन_राहिलेला
गेलो होतो. पाचशे रुपये पाकिटात घातले.